गाडी ट्रकने जाणार की रेल्वेने? दोन्हींची तयारी वेगळी

पुण्याहून नागपूरला मोटारसायकल पाठवायची म्हटलं की जो तो विचारतो, ‘पॅकिंग नीट केलंस ना?’ ती ट्रकने जाणार की रेल्वेने, हे सहसा कोणी विचारत नाही. आधी तेच ठरायला हवं. ट्रकमध्ये गाडी एकदा चढली की मुक्कामापर्यंत जागची हलत नाही, पण सगळा रस्ता धक्के खात जाते. रेल्वेत प्रवासाचे धक्के कमी, पण गाडी अनेक हातांतून जाते. हमाल ती ढकलतात, उचलतात, डब्यात दुसऱ्या गाड्यांना टेकवून उभी करतात. म्हणून ट्रकसाठी सगळा जीव बांधणीत ओतावा आणि रेल्वेसाठी पॅकिंगमध्ये. याच्या उलट केलं की नुकसान होतं.

साडेतीनशे सीसीची बुलेट घेऊ. वजन साधारण 195 किलो.

ट्रकच्या हौद्यात गाडी तोंड पुढे करून, पुढचं चाक केबिनमागच्या फळीला टेकवून उभी करायची. आपल्याकडे सरसकट साइड स्टँडवर लावून दोरी आवळतात. त्यात गाडीचं वजन आणि दोरीची ओढ दोन्ही त्या एका पायावर येतात आणि स्टँड वाकतो किंवा चेसीवरचा त्याचा जोड तडकतो. मेन स्टँडही नको, मोठ्या खड्ड्यात किंवा जोरात ब्रेक लागला की गाडी त्यावरून पुढे उतरते आणि दोऱ्या एकदम सैल पडतात. गाडी दोन्ही चाकांवर, पहिल्या गिअरमध्ये, चारही बाजूंनी ताणून उभी ठेवायची. स्टँड वर.

पुढच्या दोन बेल्टांची जागा म्हणजे हँडलच्या खाली, दोन्ही शॉकअप जिथे एकत्र धरलेले असतात तो खालचा ‘टी’. तिथे कापडी पट्ट्याचा फास घालून बेल्ट खाली, पुढे आणि बाहेर, अंदाजे 45 अंशांत हौद्याच्या कड्यांकडे न्यायचे. ब्रेकची नळी आणि केबल फासात चेपत नाहीत ना, हे बोट घालून बघायचं. हँडलच्या टोकाला बांधलं तर हँडल फिरतं, ग्रिप घसरतात. आरसे, इंडिकेटर, सायलेन्सर, मागची प्लास्टिकची पकड यांना तर हातही लावू नये. लेगगार्ड भक्कम दिसतं, पण ते मोजक्या बोल्टांवर असतं आणि ताण एका बाजूने आला की वाकतं. मागचे दोन बेल्ट मागच्या फूटरेस्टच्या कंसाला किंवा सीटखालच्या चेसीच्या नळीला लावून मागे आणि खाली ओढायचे. ट्रकने जोरात ब्रेक मारला की गाडी पुढे झेपावते आणि तो झटका फळीबरोबर हे मागचे बेल्टच पेलतात, म्हणून ते पुढच्यांइतकेच दमदार हवेत.

किती आवळायचं? पुढचे शॉकअप त्यांच्या हालचालीच्या साधारण निम्मे दबले की थांबायचं. अजिबात दाबले नाहीत तर प्रत्येक खड्ड्यात शॉकअप खाली जातो, बेल्ट क्षणभर ढिला पडतो आणि हूक कडीतून निसटतो. पार दाबून टाकले तर आतल्या तेलाचा दाब ऑइल सीलवर येतो. गाडी उतरवल्यावर शॉकअपच्या चकचकीत नळीवर तेलाचं कडं दिसलं तर ओळखावं की सील गेलं. बांधून झालं की हँडल धरून गाडी जोरात हलवायची. गाडी आणि हौदा एकत्र हलले तर बांधणी बरोबर. वीस-पंचवीस किलोमीटरवर ट्रक थांबवून बेल्ट पुन्हा तपासायला ड्रायव्हरला आवर्जून सांगा, कारण पहिल्या टप्प्यात बेल्ट आणि गाठी बसतात.

रेल्वेत यातलं जवळजवळ काहीच आपल्या हातात नाही. गाडी पार्सल ऑफिसात दिली की डब्यात ती कशी उभी राहील, ते जागेवर आणि हमालांवर अवलंबून. म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये, हँडल लॉक न करता द्यायची आणि चावी आपल्याकडे ठेवायची. हँडल लॉक असेल तर हमालांना ती वळवता येत नाही, मग ती फरफटत नेली जाते. तुम्ही त्याच रेल्वेगाडीने जाणार असाल तर तिकिटावर लगेज म्हणून आणि नसाल तर पार्सल म्हणून बुकिंग होतं. दोन्हीकडे आरसी आणि ओळखपत्राची प्रत लागते. लगेज त्याच रेल्वेगाडीने जाणं अपेक्षित असतं, तरी ब्रेक व्हॅन म्हणजे सामानाचा डबा भरला तर तुमची मोटारसायकल मागे राहू शकते.

पेट्रोलच्या बाबतीत तर दोन्हींचे नियमच निराळे. रेल्वेत टाकी पूर्ण रिकामी हवी, त्यात सूट नाही. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत कॉकची नळी काढून डब्यात पेट्रोल उतरवता येतं, मग कार्बोरेटरच्या वाटीतलंही काढायचं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीच्या आत असतो आणि नळीत दाब असतो, त्यामुळे नळी ओढू नये. वरून नळी घालून पेट्रोल खेचावं आणि तळातलं मेकॅनिककडून काढून घ्यावं. इंजिन बंद पडेपर्यंत चालवून टाकी संपवण्याचा मार्ग मात्र टाळा, तो पंप पेट्रोलनेच थंड राहतो. हे सगळं घरी, मोकळ्या जागेत आधीच उरकावं. रिकाम्या टाकीतली वाफही पेट घेते, म्हणून झाकण काही वेळ उघडं ठेवून वाफ निघून जाऊ द्यावी.

ट्रकसाठी साधारण एक लिटर ठेवावं, उतरल्यावर पंपापर्यंत पोचण्यापुरतं. टाकी भरलेली असेल तर उन्हात पेट्रोल फुगतं, हिंदकळतं आणि झाकणाच्या हवेच्या भोकातून टाकीवर ओघळतं. पेट्रोलचा तो ओघळ पॉलिशवर डाग पाडतो.

रंगाचं म्हणाल, तर ट्रकमध्ये मुख्य शत्रू धूळ आणि घासणं. गाडी आधी धुऊन पूर्ण कोरडी करायची. धुळीवरच कापड गुंडाळलं तर पुण्यापासून नागपूरपर्यंत ते टाकीला पॉलिश पेपरसारखं घासत जातं. टाकीवर मऊ सुती कापड, त्यावर फोमची शीट आणि वरून घट्ट प्लास्टिक फिल्म. सैल कव्हर उघड्या ट्रकमध्ये फडफडून वाट लावतं. चिकटपट्टी रंगावर कधीच नको. बेल्ट जिथे रंगाजवळून जातो तिथे फोमचा तुकडा घालायलाच हवा.

रेल्वेत भीती ठोक्यांची. शेजारच्या गाडीच्या ब्रेक लिव्हरचं टोक तुमच्या टाकीत घुसतं, पोचा पडतो. स्टेशनबाहेरचे पॅकर पेंढा आणि गोणपाट सुतळीने शिवतात आणि ठोका अडवायला हे फार चांगलं असतं. पण पेंढ्याच्या काड्या रंग खरवडतात, म्हणून खाली फोमची शीट तुम्ही स्वतः लावून मगच त्यांच्या हवाली करा. आरसे काढून घ्या. हेडलाइट, लिव्हर आणि फूटरेस्टची टोकं जाड गुंडाळा, चाकं मात्र मोकळी ठेवा. नाव आणि दोन्ही स्टेशनं लिहिलेला पुठ्ठा पुढे-मागे दोन ठिकाणी बांधा, एक फाटला तरी दुसरा उरतो.

नागपूरला सही करण्याआधी लिव्हर, फूटरेस्ट आणि टाकीजवळचं गोणपाट उसवून बघा. काही मोडलेलं दिसलं तर तिथेच फोटो काढा आणि डिलिव्हरीच्या कागदावर नुकसानीचा शेरा लिहून घ्या, नंतर गेलं तर दाद लागणं कठीण होतं. पार्सल ऑफिसपासून पंपापर्यंत गाडी ढकलावी लागते, त्यामुळे सोबत एक माणूस न्या. टाकी पूर्ण कोरडी झालेली असते. इंजेक्शनच्या गाडीत दोन-तीन लिटर टाकून चावी काही वेळा चालू-बंद करा, पंपाने नळी भरली की मगच स्टार्टर दाबा.