ज्वाळेचा आकडा कसा उतरला: २५०० वरून १९५० अंशांवर

मिथेन हवेत जाळला तर ज्वाळा किती तापते, या प्रश्नाला मी पहिल्यांदा हात घातला तेव्हा उत्तर २५०८ अंश सेल्सिअस आले होते. गणितात चूक नव्हती. मिथेनच्या एका मोलमधून ८०२ किलोज्यूल उष्णता मिळते. ती त्याच्याच धुराला, म्हणजे एक मोल कार्बन डायऑक्साइड, दोन मोल वाफ आणि हवेतून आलेल्या ७.५२ मोल नायट्रोजनला द्यायची. खोलीच्या तापमानाला या सगळ्यांची मिळून उष्माधारिता ३२३ ज्यूल प्रति अंश भरते. भागाकार केला, त्यात सुरुवातीचे २५ अंश मिळवले, झाले. पुस्तकातला आकडा मात्र १९५० च्या आसपासचा होता. मधले साडेपाचशे अंश गेले कुठे, हे शोधायला युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकाचा बराचसा उत्तरार्ध लागला.

हा हिशेब ॲडिअबॅटिक ज्वाळेचा, म्हणजे बाहेर काहीही उष्णता न देणाऱ्या ज्वाळेचा. अशी ज्वाळा कुणी पाहिलेली नाही. ती हिशेबाची वरची मर्यादा आहे. जळण्यातून निघालेली सगळी उष्णता धूरच पोटात घेतो, एवढी एकच अट. जर्मन आणि फ्रेंच धातुभट्ट्यांचे हिशेबनीस वर केलेलाच भागाकार करत होते. इंधनांचे उष्मांक, म्हणजे जळताना निघणारी उष्णता, कॅलरीमापीतून मिळत होते आणि १८४० मध्ये हेसने मांडलेल्या नियमामुळे त्यांची बेरीज-वजाबाकी बिनधास्त करता येत होती. भाजकातला आकडा, म्हणजे वायूंची विशिष्ट उष्णता, फ्रेंच शास्त्रज्ञ रेन्योच्या मोजमापांतून यायची. रेन्योचे काम अतिशय चोख होते, पण ते दोनेकशे अंशांपर्यंतचे. कार्बन डायऑक्साइडची विशिष्ट उष्णता तापमानाबरोबर वाढते, हे खुद्द त्यालाच दिसले होते. तरी दोनशे अंशांचा आकडा लोक दोन हजारांपर्यंत तसाच ताणत राहिले. दुसरा आकडाच नव्हता, म्हणून.

१८६७ मध्ये बन्सेनने ही गोष्ट मोजायला घेतली. हा तोच बर्नरवाला बन्सेन. त्याने कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोजन आणि ऑक्सिजन बंद नळीत भरून ठिणगी टाकली आणि झाकण उचलू न देण्यासाठी किती वजन ठेवावे लागते ते पाहिले. वजनावरून दाब, दाबावरून तापमान. अपेक्षेपेक्षा दाब फारच कमी निघाला. विशिष्ट उष्णता स्थिर धरून चालणाऱ्या माणसाला यातून एकच निष्कर्ष काढता येत होता: वायू पूर्ण जळतच नाही. बन्सेनने तोच काढला. सर्वोच्च तापमानाला एक तृतीयांशच मिश्रण जळते, उरलेले थंड होता होता टप्प्याटप्प्याने जळते, असे त्याने लिहिले. आज हे विचित्र वाटते, पण मला त्यात त्याचा प्रामाणिकपणा दिसतो. मोजमाप बरोबर होते, बिघडलेले होते ते गृहीतक.

त्या वेळी दुसरे एक स्पष्टीकरणही हाताशी होते. १८५७ पासून सेंत-क्लेर डेव्हिल पॅरिसमध्ये दाखवत होता की फार तापलेली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड थोड्या प्रमाणात पुन्हा फुटतात. त्याला तो विघटन म्हणे. बन्सेनचे 'पूर्ण न जळणे' आणि डेव्हिलचे 'जळून पुन्हा फुटणे' या दोन्हींचा परिणाम एकच: उष्णता अडकून पडते आणि ज्वाळा थंड राहते. कुठल्या कारणाचा वाटा किती, ते नुसत्या दाबावरून सांगता येत नाही.

हा गुंता सोडवला मालार आणि ल शातेलिए यांनी. दोघेही पॅरिसच्या खाणविद्यालयातले, आणि त्यांना या प्रश्नात पडायचे कारण ज्वाळेचे कुतूहल नव्हते. कोळशाच्या खाणीत साचणारा मिथेन पेटून माणसे मरत होती, त्याचा अभ्यास करायचा होता. १८८३ मध्ये त्यांनी आपले मोठे काम छापले. स्फोटाचा दाब बूर्दों पद्धतीच्या दाबमापीने फिरत्या ढोलावर कोरून घ्यायचा, भिंतींनी किती उष्णता खाल्ली ते थंड होण्याच्या वक्रावरून काढायचे आणि खरा कमाल दाब मागे जाऊन गाठायचा, अशी त्यांची रीत. त्यांनी सांगितले की वायू पूर्ण जळतो. फक्त तापलेल्या वायूला आणखी एक अंश तापवायला जास्त उष्णता लागते. आजच्या तक्त्यांतून पाहिले तर २५ अंशांना कार्बन डायऑक्साइडच्या मोलला दर अंशाला ३७ ज्यूल लागतात, २००० केल्विनला ६०. वाफेचे ३४ चे ५१ होतात, नायट्रोजनचे २९ चे ३६. कारण त्यांना ठाऊक नव्हते. तापमान वाढले की रेणूंची आतली कंपने जागी होतात आणि उष्णता त्यांत मुरते, हे पुढे क्वांटम सिद्धांताने उलगडले.

एवढी एक दुरुस्ती केली की माझे २५०८ अंश २०५५ वर येतात. साडेपाचशेतले साडेचारशे अंश हे असे गेले. राहिलेले शंभर डेव्हिलच्या विघटनाचे. १९५३ अंशांना मिथेनच्या धुरात एक टक्क्याच्या जवळपास कार्बन मोनॉक्साइड असतो, सोबत थोडा हायड्रोजन आणि तुटके रेणू. प्रमाण किरकोळ दिसते, पण मोनॉक्साइडच्या प्रत्येक मोलमागे २८३ किलोज्यूल अडकलेले असतात.

आता जादा हवा. भट्टीत किंवा बॉयलरमध्ये नेमकी लागेल तेवढीच हवा कुणी देत नाही, कारण मिसळणे कधीच परिपूर्ण नसते आणि हवा कमी पडली की धूर काळा होतो, मोनॉक्साइड वाढतो. वायुइंधनाला समजा २० टक्के हवा जास्त दिली. समीकरण असे:

```
CH4 + 2.4 O2 + 9.02 N2 → CO2 + 2 H2O + 0.4 O2 + 9.02 N2
```

हवा आणि इंधन २५ अंशांना आत येतात असे धरले तर त्यांची स्वतःची उष्णता शून्य धरता येते आणि ताळेबंद एका ओळीत मावतो:

```
802.3 = h_CO2(T) + 2 h_H2O(T) + 0.4 h_O2(T) + 9.02 h_N2(T)
```

इथे h म्हणजे २५ अंशांपासून T पर्यंत तापायला एका मोलला लागणारे किलोज्यूल. ते तक्त्यातून घ्यायचे. T सरळ सुटत नाही, अंदाज करून पाहावा लागतो. २००० केल्विनला चार वायूंचे आकडे ९१.४, ७२.८, ५९.२ आणि ५६.१ आहेत. बेरीज ७६७ येते, म्हणजे ज्वाळा याहून गरम. २१०० ला बेरीज ८१८, म्हणजे जास्त झाले. मधे प्रमाणाने घेतले की २०६९ केल्विन, अर्थात १७९६ अंश सेल्सिअस. उष्णता तीच, तापवायचा माल वाढला. ५० टक्के जादा हवेला हेच उत्तर १५१६ अंश येते, १०० टक्क्यांना १२०७.

इथे एक मजेशीर गोष्ट घडते. नेमक्या हवेला विघटन शंभर अंश खात होते. २० टक्के जादा हवेला ते साधारण वीस-तीस अंशच खाते, आणि ५० टक्क्यांनंतर तर विसरले तरी चालते. ज्वाळा थंड झाली हे एक कारण, आणि धुरात शिल्लक ऑक्सिजन असल्यामुळे कार्बन डायऑक्साइड फुटून झालेला मोनॉक्साइड पुन्हा जळतो हे दुसरे. दुसरे कारण ज्याच्या तत्त्वातून निघते तो पुन्हा ल शातेलिएच, १८८४ चा. त्यामुळे व्यवहारातल्या भट्टीसाठी वरचा साधा ताळेबंद पुरतो. समतोलाची किचकट समीकरणे नेमक्या किंवा कमी हवेला आणि ऑक्सिजनवर चालणाऱ्या ज्वाळेला लागतात. रॉकेटसाठी तर लागतातच, म्हणून अमेरिकेत नासाच्या लुइस प्रयोगशाळेत गॉर्डन आणि मॅकब्राइड यांनी ती संगणकावर सोडवण्याचे काम उभे केले.

भट्टीवाल्यांसाठी मात्र १९२९ मध्ये जर्मनीत रोझिन आणि फेलिंग यांनी एक तक्ता काढला. त्यांच्या लक्षात आले की इंधन कोळसा असो, तेल असो वा वायू, एक घनमीटर धूर अमुक तापमानाला न्यायला लागणारी उष्णता जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो धुरात हवेचा वाटा किती यानेच. मग आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर धुराच्या घनमीटरमागची उष्णता आणि मधे हवेच्या टक्क्यांच्या रेघा. इंधनाचा उष्मांक आणि धुराचे आकारमान ठाऊक असले की पट्टी लावून ज्वाळेचे तापमान वाचायचे. संगणकाआधी ही मोठी सोय होती.

ताळेबंद मांडताना सर्वांत जास्त घोटाळा उष्मांकात होतो. मिथेनचे दोन उष्मांक आहेत. पाणी द्रव झाले असे धरले तर ८९०, हा 'ग्रॉस'; वाफ राहिली तर ८०२, हा 'नेट'. धुरात पाणी वाफ म्हणूनच लिहिले आणि उष्मांक मात्र ८९० घेतला, तर २० टक्के जादा हवेची ज्वाळा पावणेदोनशे अंशांनी फुगते. उत्तर विश्वासार्ह दिसते, म्हणून पकडता येत नाही. विद्युतकेंद्रे आणि बॉयलरांचे कागद कधी एक उष्मांक देतात, कधी दुसरा. वर 'ग्रॉस' लिहिलंय की 'नेट' ते आधी पाहायचे.

दुसरा घोटाळा जादा हवेच्या आकड्यातच दडलेला असतो. ती कुणी मोजून देत नाही. चिमणीतल्या धुरातला ऑक्सिजन मोजून ती मागे काढतात. वरच्या समीकरणातला धूर कोरडा केला, म्हणजे वाफ वगळली, तर ०.४ भागिले १०.४२, सुमारे ३.८ टक्के ऑक्सिजन दिसायला हवा. मीटरवर ७ टक्के दिसले तर जादा हवा २० नव्हे, ४५ टक्क्यांच्या जवळपास असे म्हणायचे. पण बर्नरपासून चिमणीपर्यंतच्या वाटेत भट्टी हलकी ऋण दाबावर असते, आणि दारांच्या फटीतून, एअर प्रीहीटरच्या सीलमधून बाहेरची हवा आत ओढली जाते. ती ज्वाळेत कधी गेलीच नाही, तरी ऑक्सिजनमध्ये मोजली जाते. अशा वेळी ताळेबंद ज्वाळा दाखवतो १५०० च्या घरात आणि प्रत्यक्षात ती १८०० च्या घरातली असते. मग विटा का झिजतात ते कळत नाही. म्हणून ऑक्सिजनची नळी भट्टीच्या तोंडाशी एकदा आणि चिमणीत एकदा, अशी दोन्हीकडे लावून पाहतात. दोन वाचनांतला फरक म्हणजे गळती.