गोव्यातील बेगोनिया: भुरी, खोडकूज आणि पान न भिजवता पाणी

बेगोनिया हे पानांच्या रंगासाठी आणि फुलांसाठी कुंडीत लावले जाणारे, रसाळ खोडाचे झाड. गोव्यात ते बाल्कांवच्या कठड्यावर, राजांगणाच्या कडेला किंवा फ्लॅटच्या गॅलरीत दिसते, आणि बहुतेक घरांत दोनच तक्रारींनी जाते. एक, पानांवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर, म्हणजे भुरी. दुसरी, मातीलगतचे खोड काळे पडून लिबलिबीत होणे, म्हणजे खोडकूज. दोन्हींवर शेजारीपाजारी एकच उपाय सांगतात: पानांवर पाणी घालू नका. सल्ला चांगला आहे, पण त्याने कूज अडते, भुरी अडत नाही. या दोघींचे पाण्याशी असलेले नाते अगदी वेगळे आहे.

बेगोनियाच्या २००० हून अधिक जाती आहेत. हे नाव मिशेल बेगाँ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या आडनावावरून पडले. रंगीत पानांच्या रेक्स बेगोनियाचा मूळ पूर्वज मात्र ईशान्य भारतातला. सह्याद्रीच्या उतारांवर पावसाळ्यात ओल्या कातळाला आणि झाडांच्या बुंध्यांना चिकटून एक लहान गुलाबी-पांढऱ्या फुलांचा रानबेगोनिया उगवतो, त्याचे शास्त्रीय नाव बेगोनिया क्रेनाटा. तो चार महिने रोज भिजतो आणि तरीही कुजत नाही, हे पाहून कुंडीवाले गोंधळतात. त्याचे कारण त्याच्या जागेत आहे. मुळांखाली माती जेमतेम बोटभर असते, पाणी थांबत नाही, वारा सतत वाहतो, आणि पाऊस सरला की वरचा भाग वाळून खाली फक्त कंद उरतो. आपल्या कुंडीत यातले काहीच नसते.

भुरीला ओले पान लागत नाही

बहुतेक बुरशींचे बीजाणू रुजायला पानावर पाण्याचा थेंब लागतो. भुरीचे बीजाणू कोरड्या पानावरच रुजतात. त्यांना हवेतला दमटपणा पुरतो, उलट पानावर पाणी साचून राहिले तर त्यांचे रुजणे बिघडते. द्राक्षबागायतदारांना हा फरक पाठ असतो: केवडा हा रोग ओल्या पानावर येतो, भुरी कोरड्या पानावर. भुरीची बुरशी पानाच्या आत शिरत नाही. ती पृष्ठभागावर पसरते आणि बारीक शोषकांनी वरच्या थरातल्या पेशींमधून अन्न ओढते. म्हणूनच सुरुवातीचा पांढरा थर अंगठ्याने पुसला जातो, आणि आठवड्याभरात त्याच जागी परत येतो.

तिला थोडी सावली, थांबलेली हवा आणि वीस ते पंचवीस अंशांच्या आसपासचे तापमान मानवते. दिवस कोरडा आणि रात्र दमट असेल तर ती झपाट्याने पसरते. गोव्यात हा मेळ दिवाळीनंतर जुळतो आणि शिगम्यापर्यंत टिकतो. आंब्याच्या मोहरावर भुरी येते तोही याच सुमाराला. जुलैत मात्र बेगोनियावर पांढरे काही दिसले तर ते दुसरेच काहीतरी असण्याची शक्यता अधिक.

ते दुसरे काय, हेही पाहून घ्यावे. कापसासारखे पुंजके देठाच्या बेचक्यात बसलेले असतील तर ते पिठ्या ढेकूण. आणि उंच, वेतासारख्या खोडाच्या बेगोनियांच्या पानांवर चंदेरी ठिपके जन्मतःच असतात. ते पुसून जात नाहीत, सगळ्या पानांवर सारखे असतात, आणि त्यांच्यावर औषध मारणारे लोक दरवर्षी भेटतात. भुरीचा डाग वेडावाकडा, कडा विरलेली, आणि थर पुसल्यावर खाली पिवळट किंवा तपकिरी खूण दाखवणारा असतो.

उपाय पहिल्या दोन-चार पानांवर असतानाच करावा. ती पाने देठासकट काढून पिशवीत बंद करावीत, झटकू नयेत, कारण झटकल्याने बीजाणूच उडतात. मग कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवावे. इतके केले तरी निम्मे काम होते. फवारायचेच असेल तर एक लिटर पाण्यात सपाट चमचाभर खाण्याचा सोडा आणि द्रव साबणाचे दोन-तीन थेंब पुरतात. आधी एका पानावर मारून दोन दिवस थांबावे, कारण रेक्सची लवदार पाने लगेच डागाळतात. फवारा सकाळी लवकर द्यावा, म्हणजे ऊन चढेपर्यंत पान वाळते. सोडा मातीत मुरू देऊ नये, त्यातल्या सोडियमने मुळे दुखावतात.

दुकानात हमखास विद्राव्य गंधक पुढे केले जाते. भुरीवर ते काम करते, पण तीस-बत्तीस अंशांच्या वर पाने जाळते, आणि गोव्यात जानेवारीची दुपारही त्या आकड्याला टेकते. बाल्कांवच्या सावलीत, सकाळी, हिवाळ्यात वापरले तर चालते. मार्चनंतर बेगोनियावर गंधक मारू नये. निंबोळी तेल मारल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत तर मुळीच नको.

कूज पावसाळ्याची

खोडकुजीचा हंगाम जूनपासून चवथीपर्यंत. पणजीला वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा याच महिन्यांत, आणि हवाही ओलाव्याने इतकी भरलेली असते की कुंडीतले पाणी उडतच नाही. मे महिन्यात रोज लागणारे पाणी जुलैत आठवड्यातून एकदाही लागत नाही. सवयीने रोज तांब्याभर घालणारा हात हेच कुजीचे सर्वांत सामान्य कारण असावे.

कुजीचे प्रकार दिसण्यावरून ओळखता येतात. पिथियम या बुरशीसारख्या जीवामुळे होणारी कूज मातीच्या रेषेपासून वर चढते, खोड आधी पाणचट आणि मग काळे होते, मुळांची साल बोटांत निसटून आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. बॉट्रिटिस ही करडी बुरशी बहुधा वरून येते: गळलेले फूल किंवा मेलेले पान खोडाच्या बेचक्यात अडकते, ओले राहते, आणि तिथून राखाडी केसाळ वाढ खोडात उतरते. पानांवर काचेसारखे पारदर्शक गोल ठिपके आणि भोवती पिवळी कडा दिसली तर तो झान्थोमोनास जिवाणूचा डाग. तो उडणाऱ्या थेंबांबरोबर पानावरून पानावर जातो, आणि त्यावर औषध शोधण्यापेक्षा झाड टाकून देणे बरे.

या तिघांनाही पाणी लागते, आणि पाने कोरडी ठेवण्याचा नियम खरा ठरतो तो इथे.

नमुन्यादाखल एक कुंडी घेऊ. आठ इंची प्लॅस्टिकची कुंडी, त्यात अंगणातली तांबडी माती भरून लावलेला रेक्स, फोंड्याकडच्या घराच्या पडवीत अगदी कडेला. वर छप्पर आहे, म्हणून मालकीणबाई निर्धास्त. पण पागोळ्या चिऱ्यांच्या पायरीवर पडतात आणि उडालेले तांबडे शिंतोडे कुंडीच्या त्या बाजूच्या पानांच्या खालच्या अंगाला बसतात. जुलैच्या शेवटी नेमक्या त्याच बाजूचे एक पान दुपारी मलूल दिसते. माती ओली असूनही पान मलूल, ही पहिली खूण. इथे बाई पाणी घालतात, झाड तहानले समजून, आणि चार दिवसांत देठ बुडाशी मऊ पडतो.

आता काय करावे? कुंडी उचलून पाहावी: ती जड लागेल. झाड मातीसकट बाहेर काढावे. तांबडी माती दाबून विटेसारखी झालेली असते, तळाशी आंबूस वास येतो. खोड स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने वरच्या निरोगी भागात कापावे आणि काप पाहावा. काप स्वच्छ फिकट हिरवा हवा. मध्ये तपकिरी ठिपका दिसला तर अर्धा इंच वर पुन्हा कापावे, सुरी प्रत्येक वेळी पुसून. रेक्समध्ये खोड जमिनीलगत आडवे असते, त्यामुळे कापायला फारसे उरत नाही. तेव्हा एक निरोगी पान घ्यावे, त्याच्या जाड शिरांना पाठीमागून तीन-चार काप द्यावेत, आणि ते ओलसर, चाळलेल्या वाळूवर पालथे न करता सपाट ठेवून खडे दाबावेत. वर झाकण, पण रोज थोडा वेळ उघडे. महिना-दीड महिन्यात कापांजवळ इवलीशी रोपे दिसतात. जुनी माती फेकून द्यावी, कुंडी ब्लीचच्या पाण्याने धुवावी.

नव्या कुंडीत निव्वळ तांबडी माती नको. नारळाच्या सोडणाचा भुसा दोन भाग, कुजलेला पाचोळा एक भाग आणि विटांची किंवा जांभ्याची बारीक खडी एक भाग, एवढे मिसळले की पाणी थांबत नाही. समुद्राची वाळू वापरू नये, तिच्यात मीठ असते. आणि कुंडी पागोळीपासून दोन हात आत.

पाणी कसे द्यावे

बोट दोन सेंटिमीटर मातीत घालून पाहावे. तिथे कोरडे लागले तरच पाणी. लांब चोचीची झारी पानांखालून घुसवून कुंडीच्या काठाने हळू पाणी सोडावे, खोडाच्या बुडावर नाही. वेळ सकाळची, कारण चुकून पान भिजलेच तर दिवसभरात वाळते. पान भिजले म्हणून हळहळण्याचे कारण नाही, ते फक्त झटकून द्यावे. रात्रभर ओले राहिलेले पान हा खरा धोका.

रेक्ससारखी दाट पानांची झाडे वरून पाणी घालताना भिजतातच. त्यांना खालून पाजणे सोयीचे. पसरट भांड्यात तीन-चार सेंटिमीटर पाणी घेऊन कुंडी त्यात वीस-तीस मिनिटे ठेवावी. वरची माती गडद झाली की काढून निथळू द्यावी. बशीत पाणी साठू देऊ नये. खालून पाणी चढताना खतातले क्षार वर येऊन पांढरे जमतात, तेव्हा महिन्यातून एकदा मातीवरून, तळातून वाहीपर्यंत पाणी सोडावे. क्षाराचा हा पांढरा थर मातीवर आणि कुंडीच्या काठावर असतो, पानावर नसतो, म्हणून भुरीशी गल्लत होऊ नये.

एक चूक हौशी लोक नेमाने करतात: सहा कुंड्या एकाच घमेल्यात. पिथियमचे बीजाणू पाण्यात अक्षरशः पोहतात. एक कुंडी आजारी असेल तर त्या घमेल्यातून सहाही आजारी होतात. प्रत्येकीला वेगळे भांडे नसेल तर दर वेळी पाणी बदलावे, आणि शंका असलेली कुंडी सर्वांत शेवटी बुडवावी.

हवेत फवारा मारून दमटपणा वाढवण्याची पद्धत कोरड्या प्रदेशातून आली आहे. गोव्यात ती जानेवारी-फेब्रुवारीतही अनावश्यक, कारण पहाटे दव पडतेच. खारा वारा सोसणाऱ्या किनाऱ्यालगतच्या घरांत मात्र कधीतरी सकाळी पाने गोड्या पाण्याने धुवावी लागतात. तेव्हा ती धुवावीत, आणि पंख्याखाली वाळवावीत.