'सॉटे' करताना भाजीला पाणी का सुटते?

मागच्या आठवड्यात आमच्या इंदूरच्या घरी वहिनींनी एका पाककृतीतले वाक्य वाचून दाखवले: 'गाजर, सिमला मिरची ज्युलियन कापून सॉटे करा.' "म्हणजे उभे चिरून परतायचे, एवढेच ना?" त्यांनी विचारले. अर्थ बरोबर होता. तरीही अर्धा किलो भाजी कढईत घातल्यावर पाचच मिनिटांत ती पाण्यात शिजू लागली आणि मऊ, फिकट झाली. आपल्या परतण्यात पुष्कळदा झाकण ठेवून एक वाफ काढणे गृहीत असते, तर सॉटेमध्ये वाफ कढईत राहता कामा नये, हा फरक शब्दकोशातल्या अर्थावरून कळत नाही.

या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ 'उडवलेले'. तापलेल्या भांड्यात थोड्या तेलावर भाजी सतत हलवत, उडवत राहायची, म्हणजे तिचा पृष्ठभाग खरपूस होतो आणि आतला भाग करकरीत राहतो. खरपूसपणा येतो तो शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यातील अभिक्रियेमुळे. लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये तिचे वर्णन केले. तिला चांगला वेग येतो तो साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळते. म्हणून भाजीच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर, आच कितीही मोठी केली तरी, तिथले तापमान त्या अंकाच्या फारसे पुढे सरकत नाही.

पाणी आटवायला उष्णता किती लागते, याचा अंदाज आपल्याला सहसा नसतो. एक ग्रॅम पाणी 25 अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे 75 कॅलरी पुरतात, पण उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी 540 कॅलरी, म्हणजे सातपट उष्णता लागते. गॅसची मोठी आच दोन किलोवॉटची आहे आणि तिच्यातली निम्मी उष्णता कढईत पोचते, असे धरू. एवढ्या उष्णतेत मिनिटाला जेमतेम 26 ग्रॅम पाणी आटते, आणि तेही भाजी तापवण्यात काहीच उष्णता खर्च होत नाही असे मानले तर. वहिनींच्या अर्ध्या किलो भाजीतून मिनिटाला 50 ग्रॅम पाणी सुटत असेल, तर जवळपास निम्मे तळाशी साचणार. तीच भाजी दोन घाण्यांत केली की दर मिनिटाला सुटणारे पाणी 25 ग्रॅमवर येते आणि ते सुटता सुटताच आटते. जाड लोखंडी कढई आधी नीट तापवलेली असेल, तर तिच्यात साठलेली उष्णताही सुरुवातीला मदतीला येते.

ज्युलियन म्हणजे साधारण तीन मिलिमीटर जाडीच्या, पाच-सहा सेंटिमीटर लांबीच्या काड्या. गाजराचा 6 सेंटिमीटर लांब आणि 3 सेंटिमीटर रुंद-जाड ठोकळा घेतला, तर त्याचे पृष्ठफळ 90 चौरस सेंटिमीटर भरते. त्याच्या अशा शंभर काड्या केल्या की एकूण पृष्ठफळ 738 होते. शिवाय उष्णता मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सहा मिलिमीटरच्या काडीला तीन मिलिमीटरच्या काडीच्या चौपट वेळ लागतो. काड्या लहानमोठ्या झाल्या, तर काही कच्च्या राहून काही लगदा होतात, त्याचे कारण हे आहे. किसणीचा उपयोग येथे करू नये. भुट्ट्याच्या किसासाठी कणसातला दुधाळ रस बाहेर यायलाच हवा असतो, म्हणून किसणी दाणे फाडते ते बरेच असते. येथे मात्र रस पेशींतच राहायला हवा, आणि धारदार सुरी कमीत कमी पेशी फोडते.

मोठ्या आचेवर रस आत कोंडून राहतो, हा समज मात्र सोडून द्यावा. भाजी तेलात पडताच येणारा चुरचुर आवाज हा बाहेर पडणाऱ्या पाण्याची वाफ होण्याचाच असतो, आणि तो भाजी शिजेपर्यंत थांबत नाही.

मीझ आं प्लास, म्हणजे आच लावण्यापूर्वी सर्व साहित्य जागच्या जागी मांडणे. एकेक घाणा तीन-चार मिनिटांत उरकतो. त्या वेळेत लसूण सोलायला घेतली, तर कढईतली भाजी करपते. याच तयारीत भाजी धुऊन, निथळून, स्वच्छ पंच्याने कोरडी करून ठेवावी, कारण वर चिकटलेले पाणीसुद्धा तेवढीच उष्णता खाते. मीठ मात्र शेवटी घालावे. ते आधी घातले तर पेशींतले पाणी ओढून बाहेर काढते.

चुकते आहे हे आधी कानाला कळते. चुरचुर मंदावून बुडबुड आवाज येऊ लागला, की तळाशी पाणी साचले असे समजावे आणि निम्मी भाजी ताबडतोब ताटात काढून घ्यावी. कढईतले पाणी आटून चुरचुर पुन्हा सुरू झाली की उरलेली भाजी आधी होऊ द्यावी, आणि ताटात काढलेली भाजी मग दुसऱ्या घाण्याला घ्यावी.