अठरा समीकरणांपासून स्ट्रासेनपर्यंत: सर्वांत मोठ्या घाताचे पद वाचण्याची पार्श्वभूमी

१९४६ च्या सुमारास इंग्लंडमधल्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत अठरा अज्ञातांची अठरा रेषीय समीकरणे सोडवायला आली. कामाला बसलेल्यांत ॲलन ट्युरिंग आणि जेम्स विल्किन्सन होते. संगणक अजून उभा राहायचा होता, त्यामुळे सगळे काम टेबलावरच्या गणनयंत्रांवर. अशा वेळी एकूण किती गुणाकार पडणार, हे आधी ठाऊक असणे फार मोलाचे. १९४८ च्या निबंधात ट्युरिंगने हाच हिशोब मांडला: ढोबळ का असेना, कामाचे काही माप हवे, आणि गुणाकारांची संख्या हे चांगले माप आहे.

ती मोजणी आपणही करून पाहू. गाऊसच्या पद्धतीत एकेक अज्ञात खालच्या समीकरणांतून काढून टाकतात आणि शेवटी उलट दिशेने किमती भरत येतात. n समीकरणांसाठी गुणाकार-भागाकारांची संख्या येते n³/3 + n² − n/3. गाऊस-जॉर्डन पद्धतीत तोच अज्ञात वरच्या समीकरणांतूनही काढतात. तिथे संख्या n³/2 + n² − n/2.

n = 18 घातले तर पहिल्या पद्धतीला २२६२ आणि दुसरीला ३२३१ क्रिया लागतात. म्हणजे हाताने करायच्या जवळजवळ हजार क्रिया जास्त. आता पहिल्या पद्धतीत नुसते n³/3 पाहा: १९४४. बाकीची पदे इथे चौदा टक्के भरतात, दुर्लक्ष करण्याजोगी नाहीत. पण n = 1000 ला एकूण ३३,४३,३३,००० क्रियांपैकी ३३,३३,३३,३३३ एकट्या n³/3 च्या आहेत. दोन पद्धतींचे गुणोत्तर १८ ला १.४३ होते, १००० ला ते १.४९९ होते आणि पुढे १.५ कडे सरकत जाते. हा दीड आकडा ½ आणि ⅓ या सहगुणकांतूनच येतो. घात सारखा असला, की निकाल सहगुणक लावतो.

सहगुणकही सोडून फक्त घात पाहण्याची सवय मात्र संख्या सिद्धांतातून आली. O हे चिन्ह पाउल बाखमनने १८९४ मध्ये वापरले आणि एडमुंड लांडाऊने १९०९ च्या आपल्या ग्रंथातून ते रुजवले. त्यांना अल्गोरिदमशी काही देणेघेणे नव्हते, अंदाजातली चूक किती वाढू शकते एवढेच सांगायचे होते. म्हणून O ही केवळ वरची मर्यादा आहे. n² वेळ घेणाऱ्या पद्धतीलाही O(n³) म्हणणे चूक नाही. पण मग दोन O शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. १९७६ मध्ये डोनाल्ड क्नूथने या ढिलाईवर बोट ठेवले आणि वाढ दोन्ही बाजूंनी बांधणाऱ्या Θ चा आग्रह धरला. माझ्या मते तुलना करताना Θ च वापरावा.

घाताचे खरे वजन कळले ते १९६९ मध्ये. n × n मॅट्रिक्सचा नेहमीचा गुणाकार n³ गुणाकार आणि n³ − n² बेरजा घेतो, एकूण 2n³ − n². फोल्कर स्ट्रासेनने जेमतेम तीन पानांत दाखवले, की मॅट्रिक्सचे चार चौकोन केले तर आठऐवजी सात गुणाकारांत भागते. बदल्यात चौकोनांच्या अठरा बेरजा-वजाबाक्या कराव्या लागतात. ही युक्ती एकदाच वापरून आतले सात गुणाकार नेहमीसारखे केले, तर एकूण क्रिया होतात:

7·(2(n/2)³ − (n/2)²) + 18·(n/2)² = (7/4)n³ + (11/4)n²

पहिले पद २ वरून पावणेदोनवर आले, पण n² चे पद वजा एकवरून अधिक पावणेतीनवर गेले. दोन्ही राशी बरोबर मांडा: n³/4 = 15n²/4, म्हणजे n = 15. आठला नेहमीची पद्धत ९६० क्रियांत संपते, नवी १०७२ घेते. सोळाला ७९३६ विरुद्ध ७८७२, म्हणजे पारडे नुकतेच फिरले. शंभरला १९,९०,००० विरुद्ध १७,७७,५००. मोठा n कुठून सुरू होतो, हे अशा रीतीने खालचे पद ठरवते.

हीच फोड आतल्या चौकोनांवर पुन्हा पुन्हा करत गेले, की घातच तीनवरून साधारण २.८१ वर उतरतो. मग सहगुणक कितीही मोठा असो, n पुरेसा वाढला की नेहमीची पद्धत मागे पडते.

प्रत्यक्ष यंत्रावर मात्र ही सीमा पंधराच्या बरीच पुढे, बहुधा शेकड्यांत किंवा त्याहून वर सापडते. वरच्या हिशोबात फक्त अंकगणित मोजले आहे. स्ट्रासेनच्या बेरजांना मेमरीतून चौकोन आणावे-न्यावे लागतात आणि तात्पुरती जागा लागते, तर नेहमीचा गुणाकार प्रोसेसरच्या कॅशला अनुकूल करून घासूनपुसून लिहिलेला असतो. सीमा शोधायची तर दोन्ही पद्धती n दुप्पट करत चालवाव्यात. नेहमीच्या पद्धतीचा वेळ दर वेळी सुमारे आठपट, तर पूर्ण फोड केलेल्या स्ट्रासेनचा सुमारे सातपट होऊ लागला, म्हणजे सर्वांत मोठे पद वरचढ झाले. वाढ त्याहून बरीच कमी दिसत असेल, तर अजून खालची पदेच वेळ खात आहेत, आणि त्या मापांवरून पुढचा अंदाज बांधू नये.