टेक्स्ट रीबस

टेक्स्ट रीबस म्हणजे चित्र न काढता, नुसते शब्द वर-खाली, लहान-मोठे, उलटे किंवा एकात एक घुसवून लिहायचे आणि त्यावरून एखादी म्हण किंवा सगळ्यांना माहीत असलेलं वाक्य ओळखायला लावायचं. इंग्रजीत हा प्रकार फार चालतो, मॅन वर आणि बोर्ड खाली लिहिलं की उत्तर मॅन ओव्हरबोर्ड, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कोड्यांत हे हमखास असतंच. खेळ जुना आहे. प्रशियाचा राजा फ्रेडरिक आणि फ्रेंच लेखक व्होल्तेर यांचा एक किस्सा सांगतात, राजाने अशाच कोड्यात जेवायचं बोलावणं धाडलं आणि व्होल्तेरने उत्तरात फक्त एक मोठा जी आणि एक छोटा ए लिहून पाठवला, फ्रेंचमध्ये 'मोठा जी, छोटा ए' असं वाचलं की ऐकायला 'मला मोठी भूक लागलीय' असं येतं.

सोडवताना बहुतेक लोक आधी शब्द वाचतात आणि तिथेच अडकतात. आधी मांडणी बघून ती साध्या भाषेत मोठ्याने बोलायची. समजा वर वेअर आणि खाली लाँग लिहिलंय. 'वेअर ओव्हर लाँग', काहीच लागत नाही. मग तेच खालून वाचायचं, 'लाँग अंडर वेअर', झालं, लाँग अंडरवेअर! वर-खालीच्या कोड्यात दोन्ही बाजूंनी वाचून बघितल्याशिवाय सोडायचं नाही, कारण कोडं बनवणारा मुद्दाम अवघड बाजू निवडतो.

मराठीतही हे मस्त जमतं:

```
मोर
चोर
```

अर्थातच चोरावर मोर. घडा उलटा लिहून त्याच्या डोक्यावर पाणी लिहिलं तर पालथ्या घड्यावर पाणी, आणि बारीक अक्षरात तोंड लिहून त्याच्या शेजारी भलामोठा घास लिहिला तर लहान तोंडी मोठा घास. फक्त एक भानगड आहे, आपल्याकडे 'वर', 'खाली' शब्दाला चिकटतात आणि शब्द बदलतो, घडाचं घड्या होतं, म्हणजे कागदावर दिसतं त्यापेक्षा उत्तर थोडं वेगळं, तेवढं सोडवणाऱ्याने मनात करून घ्यायचं. इंग्रजीत अंडर शब्दाच्या पोटातही लपतो, स्टँडच्या खाली आय लिहिला की आय अंडरस्टँड, तशी सोय मराठीत क्वचितच मिळते. अक्षर गाळायची कोडी तर जवळपास बंदच, माइसमधला आय काढून ते तीनदा लिहिलं की थ्री ब्लाइंड माइस (आय नाही म्हणजे डोळे नाहीत), पण आपल्या उंदरातून काय काढणार?

उत्तर बरोबर आहे का हे ताडायला एकच गोष्ट बघायची, कागदावरचं काही वापरायचं राहिलंय का. शब्द चारदा लिहिलाय आणि तुमच्या उत्तरात चार कुठेच नाही, किंवा एकच अक्षर जाड केलंय आणि त्याचा उपयोगच झाला नाही, तर उत्तर कितीही छान वाटलं तरी चुकलंय समजा. अर्थात कोडं बनवणाराच ढिला असेल, उगाच सजावट म्हणून रेघा मारल्या असतील, तर ही पण कसोटी फसते.