नाव झाकलं, गुपित तसंच राहिलं: ‘वैयक्तिक’ आणि ‘गोपनीय’ या दोन वेगळ्या गोष्टी

टेबलावर दोन दस्तऐवज आहेत. पहिल्यात नोकरी सोडून गेलेल्या 14 जणांच्या शेवटच्या मुलाखतींची टिपणं आहेत, एकूण 22 पानं. दुसरं टिपण 6 पानांचं आहे: पुढच्या महिन्यात एका पुरवठादाराशी दराची बोलणी करायची आहेत, त्याची तयारी. दोन्हींवर ‘गोपनीय’ असा एकच शिक्का आहे आणि दोन्हींचा एकेक पानाचा सारांश उद्या सकाळी हवा आहे. कंपनीबाहेरचं एआय सारांश-टूल हे काम मिनिटाभरात करून देईल. मग कुणीतरी म्हणतं, ‘नावं काढ आणि टाक.’

हा सल्ला पहिल्या कागदाला अर्धाच लागू पडतो, दुसऱ्याला अजिबात नाही. कारण त्या एका शिक्क्याखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैयक्तिक माहितीतलं गुपित असतं ‘कोण’. मुख्य जबाबदारी काढून घेतली म्हणून कुणीतरी नोकरी सोडली, हे कळून काही बिघडत नाही. ती कुणी सोडली हे कळलं तर बिघडतं. व्यावसायिक गोपनीय माहितीतलं गुपित असतं ‘काय’. तिथे माणसं कुणीही असोत, वाक्यच बाहेर जाता कामा नये.

म्हणून मी आधी एकच प्रश्न विचारते: यातलं गुपित काढून टाकलं तर सारांश करण्याजोगं काही उरतं का? मुलाखतींमध्ये उरतं. लोक का गेले हेच तर आपल्याला हवंय, कोण गेलं ते आपल्याला ठाऊक आहे. दराच्या टिपणातलं हे वाक्य बघा: ‘सुरुवात 2 टक्के वाढीने करायची, 6 टक्क्यांपर्यंत जायची तयारी आहे, आणि जूनअखेर करार झाला नाही तर आपल्याकडे दुसरा पुरवठादार नाही.’ यात एकाही माणसाचं नाव नाही, फोन नंबर नाही. कुठलाही आपोआप नावं शोधणारा प्रोग्रॅम याला हिरवा कंदील देईल. तरी समोरच्या पक्षाच्या हाती पडू नये असं अख्ख्या कंपनीत एक वाक्य असेल, तर ते हेच.

इथे लोक एक पळवाट काढतात: आकड्यांच्या जागी अक्षरं घालायची. ‘सुरुवात क ने, मर्यादा ख.’ आकड्यांपुरतं हे चालतं. सारांश आला की क आणि ख परत भरता येतात. पण ‘दुसरा पुरवठादार नाही’ याच्या जागी कोणतं अक्षर घालणार? ते वाक्य काढलं तर बोलणी जूनअखेरपर्यंत का संपवायची हेच सारांशात येणार नाही, आणि ठेवलं तर गुपित गेलं. असा कागद हातानेच वाचावा. सहा पानं आहेत, तासाभराचं काम.

आता 22 पानांकडे वळू, खरं काम तिथे आहे. मूळ टिपण असं आहे (नावं अर्थातच कल्पित):

‘देशपांडे मॅडम, गुणवत्ता विभाग, 11 वर्षं नोकरी. मार्चमध्ये सहा महिन्यांच्या रजेवरून परतल्या. म्हणाल्या, पाटलांनी माझं ऑडिटचं काम काढून घेतलं आणि आठवड्याची बैठकही बंद केली.’

नावं काढल्यावर ते असं होतं:

‘कर्मचारी 7, गुणवत्ता विभाग, 11 वर्षं नोकरी. मार्चमध्ये सहा महिन्यांच्या रजेवरून परतल्या. म्हणाल्या, व्यवस्थापक ख यांनी माझं ऑडिटचं काम काढून घेतलं…’

बहुतेक जण इथे थांबतात. पण त्या विभागात काम केलेला कुणीही दोन सेकंदांत ओळखेल. विभाग, नोकरीची वर्षं, रजेचा महिना यातलं एकेक निरुपद्रवी आहे. तिन्ही एकत्र आले की एकच व्यक्ती उरते. हे मोठ्या लोकसंख्येतही घडतं. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी 2000 साली दाखवलं की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतल्या सुमारे 87 टक्के लोकांना एकमेवपणे वेगळं काढता येण्याची शक्यता आहे. आपल्याकडे तर 14 माणसं आहेत. नावाच्या जागी खूण घालणं हे फक्त टोपणनाव देणं झालं. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यातही टोपणनावं दिलेली माहिती वैयक्तिकच धरतात, कारण वेगळी ठेवलेली खुणांची यादी, म्हणजेच किल्ली, लावली की माणूस परत सापडतो.

तिसरी पायरी अशी:

‘कर्मचारी 7, दहाहून अधिक वर्षं नोकरी. दीर्घ रजेनंतर रुजू झाल्यावर मुख्य जबाबदारी काढून घेतली गेली आणि वरिष्ठांशी नियमित बोलणं थांबलं, असं त्यांनी सांगितलं.’

विभाग गेला, महिना गेला, 11 चं ‘दहाहून अधिक’ झालं, ऑडिट या एकाच विभागात होणाऱ्या कामाचं ‘मुख्य जबाबदारी’ झालं. कारण मात्र पूर्ण उरलं. किंमतही मोजावी लागते: या मजकुरातून कोणत्या विभागातून जास्त लोक गेले ते कळणार नाही. ते हवं असेल तर 14 ओळींचा तक्ता स्वतः करावा, त्याला टूल लागत नाही.

वरच्या बदलात एक गोष्ट सहज निसटते. ‘परतल्या’ आणि ‘म्हणाल्या’ ही क्रियापदं गेली. मराठीत नाव पुसलं तरी क्रियापद बाई की पुरुष ते सांगत राहतं, आणि ज्या विभागात एकच बाई आहे तिथे ‘म्हणाल्या’ म्हणजे नावच. सोपा उपाय व्याकरणातच आहे: ‘त्यांनी सांगितलं’, ‘त्यांना वाटलं’ ही रूपं दोघांना सारखीच. मुलाखतीतली जशीच्या तशी वाक्यं मात्र तपासावी लागतात. ‘मी कंटाळून गेले होते’ हे अवतरणात राहून गेलेलं मी अनेकदा पाहिलंय.

दुसरा घोळ शोधून बदलण्याच्या सोयीचा. ‘पाटील’ शोधून सगळीकडे ‘व्यवस्थापक ख’ घातलं, तरी ‘पाटलांनी’ आणि ‘पाटलांकडे’ जागच्या जागी राहतात, कारण सामान्यरूपात नावाचं रूपच बदलतं. कुलकर्णींचं ‘कुलकर्ण्यांनी’ होतं, तेही निसटतं. म्हणून पूर्ण आडनावाऐवजी ‘पाट’, ‘कुलकर्ण’ असा सुरुवातीचा तुकडा शोधावा आणि प्रत्येक ठिकाण डोळ्यांनी बघून बदलावं. एका फटक्यात बदल करायला गेलात तर उलटाही अपघात होतो: ‘आठवले’ हे आडनाव बदलताना ‘मला आठवले’ याचंही ‘मला कर्मचारी 4’ होतं. काळे आणि गोरे यांच्याबाबत काय होत असेल ते सांगायला नको. शिवाय ‘अण्णा’, ‘मोठे साहेब’, ‘आमची ताई’ ही ऑफिसातली हाकेची नावं कुठल्याच यादीत नसतात. फोन नंबर शोधताना 9 आणि ९ हे संगणकासाठी वेगळे आकडे आहेत हेही लक्षात असू द्या.

खुणांची यादी, म्हणजे ‘कर्मचारी 7’ कोण ते सांगणारा तक्ता, आपल्याकडेच आणि वेगळ्या फाइलीत राहतो. खुणा आडनावांच्या वर्णक्रमाने किंवा आद्याक्षरांवरून देऊ नयेत. दर दस्तऐवजाला नवीन खुणा द्याव्यात. सहा महिने तोच माणूस ‘कर्मचारी 7’ राहिला, तर निरनिराळे कागद जोडून चित्र पूर्ण होतं.

झालं का, हे कसं कळणार? त्या विभागाची माणसं ओळखणाऱ्या आणि तरीही मूळ टिपणं वाचायचा अधिकार असलेल्या सहकाऱ्याला साफ केलेली पानं वाचायला द्या. ‘यातले कोण कोण ओळखलेस?’ एवढंच विचारा. एक जण जरी नेमका ओळखला तरी ती नोंद आणखी मोघम करा किंवा काढून टाका. 14 पैकी 13 मुलाखतींवरूनही सारांश होतो. कोणाची गोष्टच इतकी वेगळी असेल, समजा अपघात किंवा कोर्टकचेरी, तर ती नोंद कितीही मोघम केली तरी ओळखू येते. ती बाहेर पाठवूच नये.

मजकूर साफ झाल्यावरही फाइल साफ झालेली नसते. वर्डच्या दस्तऐवजात लिहिणाऱ्याचं नाव, बाजूच्या टिप्पण्या आणि खोडलेला मजकूर बदलांच्या नोंदीत शिल्लक असू शकतो. एक्सेलमध्ये लपवलेले रकाने आणि लपवलेली पानं फाइलीबरोबरच जातात. पीडीएफवर काळी पट्टी ओढली तरी तिच्याखालची अक्षरं तशीच असू शकतात. जानेवारी 2019 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी अमेरिकी न्यायालयात दिलेल्या कागदातला झाकलेला मजकूर पत्रकारांनी नुसता कॉपी-पेस्ट करून वाचला होता. म्हणून फाइल चढवूच नये. साफ केलेला मजकूर नोटपॅडमध्ये साध्या अक्षरांत चिकटवावा, तिथे एकदा वाचावा आणि तिथून टूलमध्ये न्यावा. मग फाइलचं नावही टूलकडे जात नाही. ‘देशपांडे_राजीनामा_अंतिम’ अशा नावाने सगळी मेहनत वाया गेलेली असते.

या दोन कागदांपलीकडे तिसराही एक प्रकार आहे, त्यावर फार विचार करायची गरज नाही. दुसऱ्या कंपनीने गोपनीयतेच्या कराराखाली दिलेला कागद आपला नसतो. त्यातलं सगळं पुसलं तरी बाहेर द्यायचा की नाही हे करार ठरवतो, आपली हुशारी नाही. वकिलाचा सल्ला आणि पासवर्ड असलेला मजकूरही त्याच रांगेत. पासवर्ड चुकून गेलाच तर तो आधी बदलावा, विचार नंतर करावा.

आणि टूलच्या अटींबद्दल एक. ‘तुमच्या मजकुरावर आम्ही एआयचं प्रशिक्षण करत नाही’ आणि ‘तुमचा मजकूर आम्ही साठवत नाही’ ही दोन वेगळी आश्वासनं आहेत. पहिलं दिलं म्हणून दुसरं मिळालं असं होत नाही. मजकूर किती दिवस राहतो आणि कोण बघू शकतं, हे कंपनीने घेतलेल्या खात्याच्या करारात शोधावं. स्वतःच्या खासगी खात्यातून हे काम करूच नये, कारण तिथे कंपनीचा कुठलाही करार लागू नसतो.

सारांश परत आला की किल्लीच्या तक्त्यावरून नावं घालायचा मोह होतो. मुलाखतींच्या सारांशात ती घालू नका. वाचणाऱ्याला कारणं हवी आहेत. आणि वर ‘गोपनीय’ शिक्का मारायला विसरू नका. 22 पानांतून निघालेलं ते एक पान मूळ टिपणांपेक्षा सहज फिरतं, फोटो काढून पाठवलंही जातं.