चौऱ्याण्णववर अडलेला वेग

फोटोंचं ४० गिगाबाइटचं एक फोल्डर कॉम्प्युटरवरून दुसऱ्या खोलीतल्या स्टोरेज बॉक्सवर टाकायला घेतलं होतं. कॉम्प्युटर गिगाबिटचा, म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिटचा, बॉक्स गिगाबिटचा, मधला स्विचही गिगाबिटचाच. सहा मिनिटांत उरकायला हवं होतं. स्क्रीन म्हणत होता ५६ मिनिटं. वेग सेकंदाला ११.८ मेगाबाइट, आणि तो तिथून तसूभर हलेना.

बिघाडामुळे मंदावलेला वेग सहसा असा वागत नाही. तो वरखाली होतो, मध्येच थांबतो, पुन्हा धावतो. हा मात्र भिंतीला टेकून उभा होता. ११.८ ला ८ ने गुणलं की ९४ मेगाबिट येतात, आणि हा आकडा ओळखीचा आहे. इथरनेटवर, म्हणजे केबलच्या नेटवर्कवर, डेटा फ्रेम नावाच्या पाकिटांतून जातो, आणि पूर्ण भरलेली एक फ्रेम तारेवर १५३८ बाइटची जागा घेते. त्यातले पत्ते, पोहोचेचा हिशेब, तपासणीचे आकडे, सुरुवातीचा इशारा आणि दोन फ्रेममधली सक्तीची मोकळी जागा वजा केली, की आपल्या फाइलच्या वाट्याला साधारण १४४८ बाइट उरतात. म्हणजे शंभरातले चौऱ्याण्णव. स्पीड टेस्ट कितीही वेळा केली आणि दरवेळी ९४-९५ च आले, तर इंटरनेट कंपनीला फोन करण्याआधी एवढं समजून घ्यावं, की वाटेत कुठेतरी शंभर मेगाबिटचा दुवा आहे आणि तो अगदी काठोकाठ भरून वाहतो आहे.

पण गिगाबिटची दोन यंत्रं आपापसात शंभरावर तडजोड का करतात? आणि तीही कुठे अक्षर न काढता?

इथरनेटच्या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. १९९५ मध्ये आलेलं शंभर मेगाबिटचं इथरनेट यातल्या दोनच जोड्या वापरतं. एकीवरून पाठवायचं, दुसरीवरून घ्यायचं. प्लगमधल्या १-२ आणि ३-६ या जागा कामाच्या, बाकीच्या चार तारा नुसत्या सोबतीला. जागांची ही विचित्र वाटणी टेलिफोनमुळे झाली. टेलिफोनच्या प्लगमध्ये मधल्या दोन जागा बोलण्यासाठी असतात, म्हणून ४-५ त्यांना सोडल्या आणि इथरनेटची एक जोडी त्यांच्या दोन अंगांना फाकली.

गिगाबिट १९९९ साली आलं आणि त्यानं आठही तारा कामाला लावल्या. प्रत्येक जोडीवरून २५० मेगाबिट, चार जोड्यांचे मिळून हजार. शिवाय प्रत्येक जोडीवरून एकाच वेळी दोन्ही दिशांनी. दोन माणसांनी एकाच नळीतून एकाच क्षणी बोलावं आणि प्रत्येकानं आपलाच आवाज वजा करून समोरच्याचा ऐकावा, तसा हा प्रकार आहे. त्यासाठी दोन्हीकडच्या चिपांना आधी थोडा सराव करावा लागतो. आपला प्रतिध्वनी किती येतो, शेजारच्या जोडीचा आवाज किती झिरपतो, हे मोजून घ्यावं लागतं. यातली एक जोडी जरी गेली, तरी ७५० मेगाबिटवर भागवण्याची सोय नाही. चारही, नाहीतर काहीच नाही.

आता माझा लाडका भाग. थोडा आडवळणाचा आहे, पण कोडं इथेच सुटतं.

दोन यंत्रं जोडली की आधी त्यांची बोलणी होतात, तुला काय येतं, मला काय येतं. याला ऑटो-निगोशिएशन म्हणतात. ही बोलणी डेटाच्या भाषेत होत नाहीत, कारण भाषा कोणती हेच तर अजून ठरायचं असतं. ती होतात ठोक्यांनी. १९९० च्या दहा मेगाबिटच्या इथरनेटमध्ये यंत्र गप्प असताना ‘मी आहे’ एवढं सांगायला साधारण दर १६ मिलिसेकंदांनी एक बारीकसा ठोका देत असे. पुढच्या पिढीनं युक्ती केली. त्या एका ठोक्याच्या जागी ठोक्यांचा एक झुबका पाठवला. झुबक्यात १७ ठोके ताल धरण्यासाठी ठरलेले, आणि त्यांच्यामधल्या १६ जागांपैकी कुठे ठोका आहे, कुठे नाही, यातून सोळा बिटांचा निरोप. जुन्या यंत्राला अख्खा झुबका त्याचा जुना ठोकाच वाटतो, नव्याला त्यातला मजकूर वाचता येतो. गिगाबिटसाठी एका झुबक्यात जागा पुरत नाही, म्हणून मागोमाग ‘पुढचं पान’ पाठवतात.

गोम अशी, की जुन्या यंत्रांशी जमवून घ्यायचं असल्यामुळे हे ठोके फक्त जुन्याच दोन जोड्यांवरून जातात. नारिंगी आणि हिरवी.

म्हणजे तपकिरी जोडीतली एक तार तुटली आहे असं धरा. बोलणी सुरळीत पार पडतात, कारण त्यांची वाट शाबूत आहे. दोघं म्हणतात, मला गिगाबिट येतं. ठरलं, गिगाबिट! मग चारही जोड्यांवर सराव सुरू होतो आणि चौथ्या जोडीवर शुकशुकाट. सराव फसतो. पुन्हा बोलणी, पुन्हा ‘गिगाबिट’, पुन्हा फसगत. दोघांनी वचन खोलीत बसून दिलेलं, पूल पडलाय हे कुणीच पाहिलेलं नाही. नियमाला धरून चाललं तर हे चक्र दिवसभर चालेल आणि दुवा कधीच लागणार नाही.

म्हणून चिप बनवणाऱ्यांनी एक पळवाट ठेवली. काही प्रयत्न फसले की चिप पुढच्या बोलण्यांत आपल्याला गिगाबिट येतं हे सांगणंच बंद करते. समोरचा म्हणतो, बरं, मग शंभर. शंभराला तपकिरी जोडी लागतच नाही. दिवा पेटतो, इंटरनेट चालतं, सगळे खूश. याला डाउनशिफ्ट म्हणतात, चढावर गाडीचा गिअर उतरवावा तसं. फरक एवढाच, की चालकाला कुणी सांगत नाही. नीट पाहिलं तर एक खूण दिसते. अशा केबलवर प्लग लावल्यापासून दिवा पेटायला नेहमीपेक्षा काही सेकंद जास्त लागतात. ती फसलेल्या प्रयत्नांची किंमत असते.

यातून निदानाचा एक सुंदर धागा मिळतो. नारिंगी किंवा हिरवी जोडी तुटली तर बोलणीच होत नाहीत, दिवा पेटतच नाही. त्यामुळे दिवा पेटलाय आणि गिगाबिटची दोन यंत्रं शंभरावर आहेत, तर केबल न उघडताही संशय निळ्या नाहीतर तपकिरी जोडीवर जातो.

माझा कॉम्प्युटर लिनक्सचा आहे. आधी वेग विचारला, मग नोंदवही चाळली:

```
$ ethtool eth0 | grep Speed
	Speed: 100Mb/s
$ sudo dmesg | grep -i downshift
... Downshift occurred from negotiated speed 1Gbps
to actual speed 100Mbps, check cabling!
```

इतका स्पष्ट कबुलीजबाब प्रत्येक नेटवर्क कार्ड देत नाही. विंडोजवर पॉवरशेलमध्ये `Get-NetAdapter` लिहिलं की वेगाचा आकडा तरी कळतो. मात्र शंभर दिसले म्हणून लगेच केबलला दोषी धरू नका. कित्येक टीव्ही, प्रिंटर आणि कॅमेरे यांचं पोर्टच शंभराचं असतं. आणि इथे एक चकवा आहे. समोरच्या यंत्रानं डाउनशिफ्ट केलं असेल, तर ते स्वतःहूनच ‘मला शंभरच येतं’ असं सांगत असतं, त्यामुळे आपल्या स्क्रीनवर ते गरीब बिचारं शंभराचंच यंत्र दिसतं. खात्रीचा उपाय जुनाच, चांगली म्हणून माहीत असलेली दुसरी केबल लावून पाहणं.

माझ्या कार्डाच्या चिपला आणखी एक कला येते. ती तारेवर एक ठोका सोडते आणि तो परत येतो का, ते पाहते. धड तारेच्या टोकाशी ठोका जिरतो, तुटलेल्या टोकावर आपटून माघारी येतो. तारेत विजेचा ठोका नॅनोसेकंदाला साधारण २० सेंटीमीटर जातो, म्हणून परतीच्या वेळेवरून अंतर निघतं. तपासणीपुरता दुवा तुटतो, त्यामुळे कॉपी आधी थांबवली.

```
$ sudo ethtool --cable-test eth0
Pair A code OK
Pair B code OK
Pair C code OK
Pair D code Open Circuit
Pair D, fault length: 11.20m
```

D म्हणजे ७-८, तपकिरी. ठोका जाऊन-येऊन ११२ नॅनोसेकंदांत परतला होता. स्विचपर्यंतची केबल १४ मीटरची, म्हणजे दोष प्लगमध्ये नाही, मध्येच कुठेतरी. टेप घेऊन मोजत गेलो तर अकरा मीटरच्या जरा पुढे दाराची बिजागरी आली. दार लागलं की केबल फटीत चेपायची. वरून आवरणाला ओरखडाही नव्हता, फक्त तिथे ते किंचित चपटं झालं होतं. चाकूनं सोललं. सात तारा धड, आणि तपकिरी रंगाची तार आवरणाच्या आत दोन तुकडे होऊन पडलेली.

तुटलेलं टोक भिंगाखाली धरलं तर मधोमध चांदीसारखं पांढरं, कडेला तांब्याची जेमतेम एक साल. म्हणजे तार तांब्याची नव्हतीच, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची होती. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून जास्त, आणि वारंवार वाकवलं की ते तांब्यापेक्षा लवकर तुटतं. प्रमाणित केबलला निखळ तांबंच लागतं. पारख करताना छेद पाहावा, कारण कल्हई केलेलं अस्सल तांबंही वरून पांढरंच दिसतं.

अशा तारेच्या खोक्यावर सोनेरी प्लगचं चित्र आणि ‘कॅट ८’ ही केबलची वरची श्रेणीही ठळक छापलेली सापडते. गिगाबिट मुळात साध्या कॅट ५ वर १०० मीटर धावावं म्हणूनच घडवलेलं आहे. घरातल्या गिगाबिट दुव्याला त्या आठाचा काडीचा उपयोग नाही, आतली तार तुटकी असेल तर नाहीच नाही. तीच गत ‘केबलचं वेटोळं केलं की डेटा अडकतो’ आणि ‘राउटर चालून चालून थकतो’ या समजुतींची. राउटर बंद-चालू केला की बोलणी नव्यानं होतात, सराव पुन्हा त्याच जोडीवर फसतो आणि आपण पुन्हा चौऱ्याण्णववर येतो. कधी अर्धवट टेकलेली तार त्याच वेळी योगायोगानं जुळते आणि श्रेय राउटरला मिळतं.

स्वस्तातला दिव्यांचा टेस्टर मात्र जवळ असावा. तुटलेली तार तो लगेच दाखवतो. पण त्याच्याही नजरेतून एक चूक सुटते. काही जण प्लग लावताना रंगांच्या जोड्या १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा ओळीनं बसवतात. दोन्ही टोकांना तसंच केलं की आठही दिवे क्रमानं लागतात आणि टेस्टर खूश होतो. प्रत्यक्षात ३ आणि ६ या जागांवर दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारा आल्या, म्हणजे पिळाचा सगळा फायदा गेला. बाहेरचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखा पडावा आणि वजाबाकीत उडून जावा, यासाठी तो पीळ असतो. अशी केबल एखाद-दोन मीटरवर चालून जाते, लांबी वाढली की शंभरावरसुद्धा अडखळते. योग्य बसवलेल्या प्लगपाशीही पीळ तेरा मिलिमीटरपेक्षा जास्त उसवू नये असा दंडक आहे, तो याच कारणानं.

मी तांब्याची नवी केबल आणली आणि बिजागरीऐवजी चौकटीच्या वरून नेली. दिवा या वेळी लवकर पेटला, कॉपीचा वेग ११७ मेगाबाइटवर जाऊन बसला. जुनी केबल सोललेल्या जागी चिकटपट्टी गुंडाळून प्रिंटरला लावली आहे. त्याचं पोर्ट शंभराचंच आहे, त्याला तपकिरी जोडी मेल्याचा पत्ताही नाही.